रक्तदान शिबिरात स्वागताचं बोलणं: तीन मिनिटांत काय सांगायचं आणि कुणाकडे बोट दाखवायचं

"आमच्या मंडळानं तासगाव तालुक्यात गावातच रक्तदान शिबिर ठेवलंय. येणाऱ्यांचं स्वागत करून दोन शब्द बोलायचं काम माझ्यावर आलंय. निम्मी पोरं पहिल्यांदाच रक्त देणार आहेत आणि काही आत्तापासूनच घाबरलीत. नेमकं काय बोलू? काही झालं तर कुणाला विचारायचं, हे कसं सांगू?"

तीन मिनिटांच्या वर बोलू नका, पण ते तीन मिनिटांचं बोलणं दिवसभरात आठ-दहा वेळा करा. शिबिराला माणसं एकदम येत नाहीत. सकाळी मंडळाची पोरं येतात, डेअरीला दूध घालून झालं की शेतकरी येतात, घरातलं आवरून अकराच्या पुढे बायका येतात आणि पहिली पाळी सुटली की कारखान्यातले येतात. उद्घाटनाच्या माइकवर केलेलं भाषण यातल्या बहुतेकांनी ऐकलेलंच नसतं. तुमची जागा स्टेजवर नाही, नोंदणीच्या टेबलाच्या अलीकडे आहे. तिथे दहा-बारा खुर्च्या मांडा, तेवढी माणसं बसली की बोला आणि मगच त्यांच्या हातात फॉर्म द्या. फॉर्मच्या आधी बोलायचं, कारण तुमचं ऐकून काहींनी आज रक्त न देण्याचं ठरवणंच योग्य असतं. एकदा चारचौघांत नाव लिहून झालं की माणूस मागे फिरत नाही.

मी सांगलीत एका रक्तपेढीत वैद्यकीय समाजसेविका म्हणून बावीस वर्षं काम केलं. मिरज, तासगाव, पलूस, वाळवा या भागातल्या शाळांचे हॉल, देवळांचे सभामंडप, तालमी, सोसायट्यांची गोदामं अशा सगळीकडे शिबिरं केली. सुरुवातीची काही वर्षं स्वागताचं बोलणं मी चुकीचं करत होते. ते कसं चुकीचं होतं, हे मला एका मुलामुळे कळलं. तुमच्या कामाचं सगळं त्याच प्रसंगात आहे, म्हणून तो आधी सांगते.

एप्रिलचा महिना होता. उन्हाळ्यात कॉलेजं बंद असतात, शिबिरं कमी होतात आणि रक्तपेढीचा फ्रीज रिकामा व्हायला लागतो. त्यामुळे त्या गावच्या मंडळानं तारीख दिली तेव्हा आम्ही कॅलेंडर न बघता 'हो' म्हटलं. त्या दिवशी संकष्टी होती. देवळाच्या सभामंडपात मी माइक हातात घेतला आणि नेहमीचंच बोलले. मुंगी चावल्यासारखं वाटतं, काहीसुद्धा होत नाही, आपल्या गावची पोरं वाघ आहेत, वगैरे. टाळ्या पडल्या. रांगेत एकोणीस वर्षांचा एक उंच, तालमीत जाणारा मुलगा होता. टेबलावर त्याला विचारलं, "खाऊन आलायस ना?" मागे चार मित्र उभे होते. तो म्हणाला, "हो." डॉक्टरांनीही विचारलं, तिथेही 'हो'. खाटेवर सगळं व्यवस्थित झालं, सात-आठ मिनिटांत पिशवी भरली. मित्र वाट बघत होते म्हणून तो लवकर उठला. अल्पोपहाराच्या टेबलावर त्याला बिस्किटाचा पुडा दिला, तो त्यानं शर्टाच्या खिशात ठेवला. मग हात धुवायला नळावर गेला आणि उभ्या उभ्या कोसळला. हनुवटी नळाच्या सिमेंटच्या कट्ट्यावर आपटली. तीन टाके पडले. शुद्धीवर आल्यावर खिशातला पुडा काढला तर तो न फोडलेलाच होता. उपवासाला बिस्किट चालत नाही. सकाळपासून पोटात फक्त कोरा चहा होता.

एवढ्यावर ते थांबलं नाही. नळ रांगेच्या समोरच होता. त्याला पडताना पाहिलं आणि ज्यांना अजून सुई लागलीही नव्हती अशा दोघांचे चेहरे पांढरे झाले. एक तर खुर्चीवरून घसरलाच. पुढच्या अर्ध्या तासात दहा-बारा माणसं गुपचूप निघून गेली.

तो मुलगा खोटं बोलला असं मी कधीच म्हटलं नाही. वाघ म्हटल्यावर "मला उपवास आहे" किंवा "मला भीती वाटते" असं म्हणायला मी त्याला जागाच ठेवली नव्हती. म्हणून तुमच्या बोलण्यात वीरश्री नको. शिवरायांचे मावळे नकोत, पैलवान नकोत, मर्दानगी तर नकोच. जो घाबरलाय त्याला खरं सांगता आलं पाहिजे, एवढ्यासाठी ही तीन मिनिटं आहेत.

आता हे गरगरणं काय असतं ते नीट समजून घ्या, म्हणजे कुणी विचारलं तर गोंधळ होणार नाही. मोठ्या माणसाच्या अंगात साधारण पाच लिटर रक्त असतं. आपल्याकडे वजन ४५ किलोच्या पुढे असेल तर ३५० मिली घेतात आणि ५५ किलोच्या पुढे असेल तर ४५० मिलीची पिशवी लावता येते. एवढं गेल्यानं निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. चक्कर बहुतेक वेळा रक्त कमी झाल्यानं येतच नाही. भीती, सुईचं दुखणं किंवा रक्ताचं नुसतं दर्शन यानं शरीरातली एक मज्जातंतूंची यंत्रणा अचानक उलटी चालते. नाडी मंदावते, पायातल्या रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्त खाली साठतं आणि डोक्याला पुरत नाही. म्हणून सुई न लागलेलाही पडतो, आणि दीडशे जोर मारणाराही पडतो. ताकदीचा त्याच्याशी संबंध नाही. पहिलीच वेळ, कोवळं वय, कमी वजन, उपाशी पोट, अपुरी झोप आणि मनातली धास्ती, हे एकत्र आलं की शक्यता वाढते. दुसरी गोष्ट म्हणजे हे खाटेवरच होतं असं नाही. माणूस आडवा असतो तोवर शरीर सांभाळून घेतं. उठून उभा राहिला, चालला, लघवीला गेला, गाडीवर बसला की त्रास होतो. तुमचं बोलणं म्हणूनच खाटेपाशी संपत नाही, नळापर्यंत आणि गाडीपर्यंत जातं.

मला बरेच जण म्हणायचे, ताई, चक्करचं नावच काढू नका, नाव काढलं की येते. थोडं खरं आहे ते. "काही जण बेशुद्ध पडतात" असं बोलून गप्प बसलात तर तुम्ही भीतीच वाटलीत. पण आधीची लक्षणं सांगितली आणि लगेच काय करायचं तेही सांगितलं, तर माणसाच्या हातात काहीतरी येतं. 'बेशुद्ध' हा शब्द मी वापरत नाही. 'गरगरणं' म्हणते. आपल्याकडे माणसं तोच शब्द वापरतात आणि त्यात आयुष्य धोक्यात असल्याचा सूर नसतो.

दुखण्याबद्दलही खरंच सांगा. मुंगी चावल्यासारखं अजिबात नसतं. रक्तदानाची सुई इंजेक्शनच्या सुईपेक्षा बरीच जाड असते. जाताना चांगलं चुरचुरतं, दोन-तीन सेकंद, आणि मग ओढल्यासारखं वाटत राहतं. 'काही दुखत नाही' असं ऐकून आलेल्या मुलाला जेव्हा दुखतं, तेव्हा त्याला वाटतं की आपल्याच बाबतीत काहीतरी बिघडलंय. त्या क्षणाला त्याची नाडी उतरायला लागते.

आता मदत कुणाला मागायची ते. बॅनरवर 'अडचण आल्यास स्वयंसेवकांशी संपर्क साधावा' असं लिहिलेलं असतं आणि तीस जणांच्या छातीवर 'स्वयंसेवक' असा एकसारखा बिल्ला असतो. गरगरणाऱ्या माणसाला त्याचा काडीचा उपयोग नाही. चार माणसं ठरवा, चौघांच्या गळ्यात वेगळ्या रंगाचे रुमाल बांधा आणि बोलताना त्यांना उभं करून दाखवा. डोळ्यांनी पाहिलेला चेहरा लक्षात राहतो, नुसतं सांगितलेलं नाव राहत नाही. कुठला प्रश्न कुणाचा हेही ठरवून द्या. फॉर्म, नंबर आणि किती वेळ लागेल हे नोंदणीवाल्याचं काम. तब्येत, गोळ्या, आजार आणि खासगी गोष्टी हे फक्त डॉक्टरांचं. खाटेवरचं काहीही सिस्टरांचं. आणि खाटेवरून उठल्यापासून गेटपर्यंतचं अल्पोपहाराच्या टेबलावर बसलेल्या माणसाचं. हे शेवटचं काम सगळ्यात दुर्लक्षित असतं. तिथे बिस्किटं वाटायला नववीतली पोरं बसवतात. तिथे गावातली एखादी अशी काकू बसवा की जिचं कुणी ऐकल्याशिवाय राहत नाही.

तुम्ही स्वतः एक पथ्य पाळा. "मी बीपीची गोळी घेतो, चालेल का?", "कावीळ होऊन गेलीय", "महिन्यापूर्वी टॅटू काढलाय" असं कुणी विचारलं तर 'चालतंय हो' म्हणू नका आणि 'नाही चालत' असंही म्हणू नका. "हे डॉक्टरांनाच सांगा, चला मी दाखवतो कुठे बसलेत" एवढंच म्हणा.

मी शेवटची दहाएक वर्षं जे बोलत होते ते खाली देते. तुमच्या तोंडी बसेल असं बदलून घ्या.

"नमस्कार मंडळी, या, बसा. पाण्याची बाटली प्रत्येकाच्या हातात आलीय का? ती इथेच संपवायची, घरी न्यायची नाही.

आधी चार प्रश्न विचारतो. हात वर करायचा नाही, मनातल्या मनात उत्तर द्या. गेल्या तीन-चार तासांत नीट खाल्लंय का? आज उपवास आहे का? रात्री झोप झालीय का, की रात्रपाळी करून थेट आलाय? ताप, खोकला, कसल्या गोळ्या चालू आहेत का? यातलं काहीही असलं तरी त्या पडद्यामागे डॉक्टर बसलेत, त्यांना जसंच्या तसं सांगा. ते 'आज नको' म्हणाले तर कारण तुमच्यात आणि त्यांच्यातच राहील. बाहेर आल्यावर आमच्यातला कुणीही 'का रे, काय झालं' असं विचारणार नाही. कुणाच्या आग्रहानं आला असाल आणि मन तयार नसेल, तर डॉक्टरांना फक्त 'आज जमणार नाही' एवढं म्हणा. कारण द्यावं लागत नाही.

आज किंवा उद्या सकाळी एसटी, ट्रक चालवायला जायचंय, खांबावर चढायचंय, विहिरीत उतरायचंय, असं कुणी असेल तर तेही डॉक्टरांना सांगा. रक्त दिल्यावर अशा कामाला चोवीस तास मध्ये जावे लागतात.

आता पहिल्यांदा आलेल्यांसाठी. आधी वजन होईल, बीपी बघतील, बोटाला बारीक टोचून एक थेंब घेतील. मग खाट. दंडाला पट्टा, हातात दाबायला चेंडू. सुई नवी असते, पिशवीला जोडूनच सीलबंद येते, तुमच्यासमोर उघडतात. सुई जाताना दुखतं, दोन-तीन सेकंद. मग नुसतं ओढल्यासारखं वाटतं. पिशवी भरायला पाच ते दहा मिनिटं लागतात. बघवत नसेल तर मान दुसरीकडे करा आणि सिस्टरांना सांगा, 'माझी पहिली वेळ आहे.' हे त्यांना आवडतं, त्या थांबून बोलतात.

कधी कधी कुणाला गरगरतं. पण त्याआधी शरीर कळवतं. जांभया यायला लागतात, एकदम गरम होतं, गार घाम येतो, मळमळतं, कानात गुंई आवाज येतो, डोळ्यांपुढे अंधारी येते. यातलं एक जरी वाटलं तरी 'बघू थोडं' म्हणायचं नाही, उठायचं नाही, बाहेर मोकळ्या हवेत जायचं नाही. जिथे आहात तिथेच खाली बसा किंवा आडवे व्हा, आणि मोठ्यानं हाक मारा. हाक मारण्यात लाज नाही. पाय उंच करून पाचेक मिनिटं पडलात की बहुतेकांना उतार पडतो.

आता ही माणसं बघून ठेवा. पिवळा रुमाल, हा आपला नोंदणीवाला. फॉर्मचं काहीही त्याला विचारा. निळा रुमाल असलेल्या ताई पडद्याशी उभ्या आहेत, त्या तुम्हाला डॉक्टरांकडे नेतील. बायकांना काही वेगळं विचारायचं असेल तर त्यांनाच विचारा. खाटांमध्ये फिरताहेत त्या सिस्टर, त्यांना फक्त हात वर केला तरी पुरे. आणि तिकडे टेबलावर लाल रुमालाच्या काकू बसल्यात. त्या 'जा' म्हणेपर्यंत कुणी उठायचं नाही, मग तो सरपंच असला तरी. घरी गेल्यावर काही वाटलं तर जे कार्ड मिळेल त्यावर रक्तपेढीचा नंबर आहे. रात्री-अपरात्रीसुद्धा फोन लावा.

झालं. पाणी संपवा, मग एकेकानं फॉर्म घ्यायला या."

पाण्यानं सुरुवात आणि पाण्यानं शेवट का, ते सांगते. रक्त देण्याआधी दहा मिनिटं ते अर्धा तास या वेळात अर्धा लिटर पाणी एकदम प्यायलं तर रक्तदाब थोडा वेळ सावरलेला राहतो आणि गरगरण्याचं प्रमाण कमी होतं. सकाळी घरून पिऊन आलोय, हे त्या कामाचं नाही, कारण परिणाम फार वेळ टिकत नाही. तुम्ही बोलायला लागल्यापासून फॉर्म, वजन, डॉक्टर असं करत खाटेपर्यंत पोहोचायला माणसाला साधारण तेवढाच वेळ लागतो. म्हणून बाटली तुमच्या खुर्च्यांपाशीच वाटायची, खाटेजवळ नाही.

वेळ असेल आणि पहिल्यांदा येणारे जास्त असतील तर एक गोष्ट करून दाखवा. खुर्चीवर बसून पायावर पाय टाका, मांड्या आणि पोट घट्ट आवळा, मनात पाच आकडे मोजा, सैल सोडा, परत आवळा. श्वास रोखायचा नाही आणि सुईचा हात आवळायचा नाही. पायात साठणारं रक्त त्यानं वर ढकललं जातं. हे खाटेवर पडल्या पडल्या करता येतं आणि उठायच्या आधी तर करायलाच हवं. तालमीतल्या पोरांना हे लगेच जमतं. घाबरलेल्या माणसाला करायला काहीतरी काम मिळतं, हा त्याचा दुसरा फायदा. 'घाबरू नकोस' म्हटल्यानं कुणाची भीती गेलेली मी पाहिली नाही. 'आवळ, पाच मोज, सोड' म्हटल्यानं गेलेली पाहिलीय.

थेंबाबद्दल थोडं वेगळं सांगायला हवं, कारण तिथे माणसं सगळ्यात जास्त दुखावली जातात. मोरचूद काय असतं ते तासगावच्या द्राक्षवाल्यांना सांगायची गरज नाही, बोर्डोसाठी वर्षानुवर्षं तुम्ही ते कालवताय. पुष्कळ शिबिरांत त्याच मोरचुदाचं ठरावीक घनतेचं निळं द्रावण छोट्या बाटलीत असतं. बोटाचा थेंब त्यात सोडतात. हिमोग्लोबिन १२.५ किंवा त्याहून जास्त असेल तर थेंब जड असतो, सरळ तळाला जातो. कमी असेल तर मध्येच अडखळतो किंवा वर येतो. थेंबात हवेचा बुडबुडा शिरला तरी तो फसवतो, म्हणून शंका आली तर तंत्रज्ञ परत बघतात किंवा मशीनवर तपासतात. आपल्याकडे हिमोग्लोबिन कमी असलेल्या बायका खूप आहेत. त्यामुळे परत पाठवलेल्यांत त्या जास्त असतात, आणि त्या थेंबाकडे सगळी रांग टक लावून बघत असते. एका शिबिरात एका स्वयंसेवकानं मोठ्यानं म्हटलं, "वहिनी नापास!" त्या बाई पदर तोंडाला लावून गेल्या, आणि त्यांच्या वस्तीतली एकही बाई पुढची तीन वर्षं आमच्या शिबिराला आली नाही. ते टेबल रांगेपासून आडोशाला ठेवा. ज्यांना थांबवलंय त्यांनाही पाणी, खाऊ आणि कार्ड द्या, आणि डॉक्टरांनी सांगितलेलं गोळीचं किंवा तपासणीचं ऐकून घ्यायला दोन मिनिटं निवांत बसू द्या. पुष्कळ बायकांना आपलं रक्त कमी आहे हे पहिल्यांदा तिथेच कळतं.

भेटवस्तूंची घोषणा माइकवरून करू नका. हेल्मेट, बॅग, टिफिन जे काही देणार असाल ते शेवटी शांतपणे द्या. बॅग दिसली की माणूस ताप लपवतो, कावीळ लपवतो, दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या गावात रक्त दिलेलंही लपवतो. पुरुषांना दोन रक्तदानांत तीन महिने आणि बायकांना चार महिने जावे लागतात. ते अंतर बॅगेसाठी मोडलेलं मी पाहिलंय. तसंच, एड्सची तपासणी फुकट होईल म्हणून कुणी येत असेल तर त्याला शिबिरात न घेता सरकारी दवाखान्याच्या तपासणी केंद्रात पाठवायचं असतं. संसर्ग अगदी ताजा असेल तर तो चाचणीत दिसत नाही, आणि ते रक्त कुणाच्या तरी अंगात जातं. हे तुम्ही माइकवर बोलू नका. डॉक्टर पडद्याआड विचारतात. तुमचं काम फक्त एवढंच की तिथे खरं बोललं तर बाहेर कुणी विचारणार नाही, हा शब्द पाळायचा. मंडळाच्या पोरांना आदल्या रात्री बसवून हे नीट समजावा. तुम्ही दिलेला शब्द त्यांच्यातला एक जरी मोडला, तरी पुढच्या सगळ्या घोळक्यांना तो कळतो.

तरीही कुणी पडलंच तर तुम्ही तिकडे धावू नका. तिकडे सिस्टर आणि डॉक्टर आहेत. तुम्ही समोरच्या घोळक्याशी बोलत राहा, आवाज तोच ठेवा. दोघांना आधीच सांगून ठेवलेलं असावं की अशा वेळी चादर आडवी धरायची. मुळात खुर्च्या मांडतानाच रांगेची पाठ खाटांकडे आणि नळाकडे राहील असं बघा. माणसं घाईनं कांदा हुंगवतात, चप्पल हुंगवतात, तोंडात पाणी ओततात. यातलं काही करू देऊ नका. अर्धवट शुद्धीत पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं. आडवं झोपवायचं, पाय उंच करायचे, गळ्याचं बटण सैल करायचं, गर्दी हटवायची, बस्स. मग तुमच्या घोळक्याला खरं ते एका वाक्यात सांगा: "त्यांना गरगरलंय, पाय वर करून पडलेत, सिस्टर जवळ आहेत." काही झालंच नाही असं दाखवलंत तर तुमच्या आधीच्या सगळ्या बोलण्यावरचा विश्वास उडतो.

उद्घाटनाचं काय करायचं ते मंडळानं ठरवावं, पण रक्तदात्यांना पाहुण्यांची वाट बघत बसवू नका. दीप प्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि चार भाषणं होईपर्यंत सकाळी सातला खाल्लेला माणूस साडेअकराला खाटेवर जातो. पाहुणे उशिरा येणार असतील तर काम सुरू करा, त्यांचा सत्कार मधल्या वेळेत उरका. डॉल्बी तर बंदच ठेवा, त्या आवाजात गरगरणाऱ्याची हाक ऐकू येत नाही.

तारीख अजून पक्की नसेल तर संकष्टी, एकादशी आणि नवरात्र टाळा. टाळता येत नसेल तर अल्पोपहारात बिस्किटांबरोबर राजगिऱ्याचे लाडू, केळी आणि लिंबू सरबत ठेवा, आणि उपवासवाल्यांचं डॉक्टरांना ठरवू द्या.

आता लाल रुमालाच्या काकूंपाशी एक स्टीलचा डबा ठेवा. त्या मुलाच्या प्रसंगानंतर मी हे सुरू केलं. जो गाडीवरून आलाय त्यानं खाटेवर जायच्या आधी किल्ली त्या डब्यात टाकायची, वर नावाची चिठ्ठी. रक्त दिल्यावर टेबलाशी पंधरा मिनिटं बसायचं, सरबत काकूंच्या समोर संपवायचं, खाऊचा पुडा काकूंच्या समोर फोडायचा. पहिली वेळ असेल तर परत जाताना गाडी दुसऱ्यानं चालवायची, यानं मागे बसायचं. पट्टी चार-पाच तास काढायची नाही, त्या हातानं आज फवारणीचा पंप किंवा दुधाचा कॅन उचलायचा नाही, हे काकूंनी किल्ली देताना एकेकाला सांगायचं. संध्याकाळी शिबिर आवरताना डब्यात एखादी किल्ली उरलेली दिसली, तर तो मुलगा कुठे आहे ते आधी शोधा, मग मांडव सोडा.